एसी दुरुस्ती प्रशिक्षण केंद्रासाठी सीएसआर प्रस्ताव: फलित आणि अंदाजपत्रक यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबई परिसरातील लहान संस्था व्यवसाय प्रशिक्षण केंद्रासाठी कंपन्यांकडे निधी मागतात, तेव्हा त्यांच्याकडून आम्हाला साधारण हेच प्रश्न येतात. उत्तरे हवेत राहू नयेत म्हणून सगळीकडे एकच उदाहरण घेतले आहे. दिघा येथे भाड्याच्या गाळ्यात घरगुती एसी बसवणे व दुरुस्त करणे शिकवणारे केंद्र, वर्षाला २५ जणांच्या चार बॅचेस, म्हणजे १०० प्रशिक्षणार्थी. आकडे उदाहरणापुरते आहेत. आपल्या भागातील दरपत्रके मागवून ते बदलावेत, मात्र त्यांची एकमेकांशी असलेली सांगड तशीच ठेवावी.

प्रस्ताव कोणत्या कंपनीकडे द्यावा?

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार, आधीच्या आर्थिक वर्षात ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी रुपये किंवा अधिक, अथवा उलाढाल १,००० कोटी रुपये किंवा अधिक, अथवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा अधिक असतो, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सीएसआरवर खर्च करावी लागते. रोजगारक्षमता वाढवणारे व्यवसाय कौशल्य हा विषय कायद्याच्या सातव्या अनुसूचीत शिक्षणाच्याच बाबीत स्पष्टपणे नमूद आहे. त्यामुळे आपला विषय बसतो की नाही, हे पटवून देण्यात प्रस्तावाची दोन पाने घालवण्याचे कारण नाही. एक वाक्य पुरते.

कंपनीने आपल्या कामकाजाच्या स्थानिक परिसराला प्राधान्य द्यावे, असेही त्याच कलमात म्हटले आहे. ठाणे–बेलापूर मार्गालगतच्या औद्योगिक पट्ट्यात किंवा वागळे इस्टेटमध्ये कारखाना अथवा कार्यालय असलेली कंपनी म्हणूनच दिघा, रबाळे, तुर्भे किंवा कळवा येथील केंद्राचा विचार लवकर करते. प्रस्तावाच्या पहिल्या पानावर कंपनीच्या प्रवेशद्वारापासून केंद्र किती किलोमीटरवर आहे आणि जवळचे रेल्वे स्थानक कोणते, हे लिहावे. निर्णय घेणारी व्यक्ती अनेकदा दुसऱ्या शहरातील मुख्य कार्यालयात बसलेली असते आणि तिला दिघा कोठे आहे, हे ठाऊक नसते.

आमची संस्था पात्र आहे का, हे कशावरून ठरते?

संस्थेची १२ए आणि ८०जी नोंदणी चालू असावी लागते, आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ हा अर्ज भरून मिळणारा नोंदणी क्रमांक असावा लागतो. १ एप्रिल २०२१ पासून या क्रमांकाशिवाय कंपनी संस्थेमार्फत सीएसआर काम करू शकत नाही. त्याशिवाय, कंपनीने स्वतः स्थापन न केलेल्या संस्थेला तत्सम कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. येथे ‘तत्सम’ या शब्दाला वजन आहे. दहा वर्षे बालवाडी चालवलेल्या संस्थेने प्रथमच एसी प्रशिक्षणाचा प्रस्ताव दिला, तर युवकांसोबत केलेले जे काही काम असेल ते पुढे आणावे, आणि तसे काही नसेल तर अनुभवी संस्थेसोबत संयुक्त प्रस्ताव द्यावा.

कागदपत्रांत बहुतेक वेळा अडते ते विश्वस्तांच्या नावांवर. नवे विश्वस्त येऊन चार वर्षे होतात, पण धर्मादाय कार्यालयात दाखल केलेला बदल अर्ज मंजूर झालेला नसतो. मग शेड्युल एकच्या उताऱ्यावर जुनी नावे आणि बँकेच्या ठरावावर नवी नावे असे चित्र कंपनीच्या वकिलांसमोर जाते. प्रस्ताव लिहायला बसण्यापूर्वी हा उतारा काढून पाहावा.

परिसरात या कौशल्याची गरज आहे, हे कसे दाखवावे?

देशातील बेरोजगारीची आकडेवारी देऊन हे दाखवता येत नाही. कंपनीला जाणून घ्यायचे असते की या केंद्रातून बाहेर पडलेल्या मुलाला नेमके कोण कामावर घेणार आहे. त्यासाठी एका कार्यकर्त्याने दोन आठवडे फिरावे. ठाणे स्थानक परिसर, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे येथील सर्व्हिस सेंटर, एसी कंपन्यांच्या फ्रँचायझी आणि कार्यालयांचे वार्षिक देखभाल करार घेणारे ठेकेदार अशा वीस-पंचवीस जणांना भेटून चारच गोष्टी विचाराव्यात: वर्षभरात किती नवी मुले घेतली, कोणत्या महिन्यात घेतली, पहिला पगार किती दिला आणि सहा महिन्यांत किती सोडून गेली. ही उत्तरे एका पानाच्या तक्त्यात मांडावीत. ‘आम्ही सहकार्य करू’ एवढेच लिहिलेली शिफारसपत्रे बाजूला ठेवून, संख्या, महिना आणि पगार लिहिलेली पाच पत्रे जोडावीत.

एक मोह मात्र टाळावा. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात मोठी डेटा सेंटर्स आहेत, तेथे अखंड थंडाव्याची गरज असते, म्हणून आमच्या मुलांना तेथे काम मिळेल, असे अनेक प्रस्तावांत लिहिलेले असते. तेथील चिलर आणि अचूक तापमान राखणारी यंत्रणा हे वेगळे काम आहे. त्यासाठी साधारणपणे आयटीआयचा दोन वर्षांचा रेफ्रिजरेशन व एअर कंडिशनिंगचा अभ्यासक्रम किंवा पदविका पूर्ण केलेले उमेदवार घेतले जातात. तीन-चार महिन्यांत स्प्लिट एसी शिकलेल्या मुलाचे नाव त्या दाराशी जोडले, तर कंपनीतील तांत्रिक अधिकारी तेवढ्या एका वाक्यावरून संपूर्ण प्रस्तावाची किंमत ठरवतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

‘फलित’ या रकान्यात नेमके काय लिहावे?

प्रशिक्षण दिले, प्रमाणपत्रे वाटली, कार्यशाळा उभारली, ही झाली कामे. त्या कामांमुळे प्रशिक्षणार्थीच्या आयुष्यात जे बदलले आणि टिकले, ते फलित. एसी दुरुस्तीच्या केंद्रासाठी आमच्या मते मुख्य फलित एकच असावे: कामाला लागल्यानंतर सहा महिन्यांनीही त्याच व्यवसायात असलेल्या व्यक्तींची संख्या आणि त्यांचे त्या महिन्याचे उत्पन्न. बाकीचे आकडे त्या आकड्यापर्यंत नेणाऱ्या पायऱ्या आहेत.

उदाहरणातील पायऱ्या अशा आहेत. प्रवेश १००. अभ्यासक्रम पूर्ण करणारे ८८. बाह्य परीक्षकाच्या चाचणीत उत्तीर्ण होणारे ८०. कामाला लागणारे ६४. सहा महिन्यांनी कामावर असणारे ४८. प्रत्येक पायरीवर जी गळती दिसते तिचे कारण प्रस्तावात एका-दोन वाक्यांत लिहावे, कारण तेथेच संस्थेला काम किती कळले आहे, हे वाचणाऱ्याला समजते.

पहिल्या पायरीवर गळणारी १२ मुले बहुधा पहिल्या तीन आठवड्यांतच जातात. घरी कमावणारे दुसरे कोणी नसले, की मिळेल ती रोजंदारी धरावी लागते. उत्तीर्ण झालेल्या ८० पैकी १६ जण कामाला लागत नाहीत, यामागे आम्हाला सुरुवातीला न उमगलेले एक कारण होते. सर्व्हिस सेंटरला दुचाकी चालवणारा मुलगा हवा असतो, कारण दिवसाला चार-पाच घरी अवजारांची पिशवी घेऊन जायचे असते, आणि आमच्या मुलांकडे वाहन परवाना नव्हता. आता शिकाऊ परवान्याचा अर्ज प्रशिक्षणाच्या पहिल्या महिन्यातच भरून घेतला जातो. त्याचा खर्च अगदी थोडा आहे, परंतु प्रस्तावात ही ओळ दिसली की वाचणाऱ्याला कळते की लिहिणारा या मुलांसोबत सर्व्हिस सेंटरच्या दारापर्यंत गेलेला आहे.

कंपनीला शंभर टक्के नोकऱ्यांचे आश्वासन दिले तर निधी मिळण्याची शक्यता वाढत नाही का?

एकदा वाढते. आमच्या पहिल्या प्रस्तावात आम्ही ९५ टक्के लिहिले होते आणि निधी मिळालाही. वर्ष संपल्यावर कंपनीच्या अधिकारी बाईंनी आमच्या यादीतून स्वतः वीस नावे निवडली आणि आमच्यासमोर बसून एकेकाला फोन लावला. चार नंबर बंद होते. तीन मुलांनी सांगितले की पंधरा दिवस काम केले आणि सोडले. एका मुलाच्या आईने विचारले, ‘‘कोणतं काम? तो तर आता माथाडीत जातो.’’ यादी खोटी नव्हती, ज्या दिवशी ती लिहिली त्या दिवशी ती खरी होती. परंतु नंतर काय झाले, हे आम्ही विचारलेच नव्हते. पुढच्या वर्षी त्या कंपनीने निधी दिला नाही, आणि आम्हाला त्याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार नव्हता.

६४ आणि ४८ हे आकडे कारणांसह लिहिलेला प्रस्ताव काही कंपन्या नाकारतील. ज्या स्वीकारतील त्या दुसऱ्या वर्षीही सोबत राहण्याची शक्यता अधिक असते.

प्रकल्पाचा कालावधी किती ठेवावा? बारा महिने पुरतील का?

या उदाहरणात पुरणार नाहीत, आणि बहुतेक प्रस्ताव येथेच चुकतात. एप्रिल व मे महिन्यांत गाळा, वीज, यंत्रे आणि प्रवेश. जून ते सप्टेंबर सकाळ व दुपार अशा दोन बॅचेस, त्यात तीन महिने कार्यशाळेत आणि एक महिना प्रत्यक्ष कामावर. ऑक्टोबरमध्ये पहिल्या फेरीच्या नोकऱ्या आणि दुसऱ्या फेरीचे प्रवेश. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पुन्हा दोन बॅचेस. मार्चमध्ये दुसऱ्या फेरीच्या नोकऱ्या. सहा महिन्यांनी चौकशी करायची, तर पहिल्या फेरीची पुढच्या एप्रिलमध्ये आणि दुसऱ्या फेरीची सप्टेंबरमध्ये होणार. म्हणजे मुख्य फलित मोजण्याचा दिवस येईल तेव्हा बारा महिन्यांचा प्रकल्प संपलेला असेल आणि ते मोजायला पगारी माणूस उरलेला नसेल.

म्हणून कालावधी अठरा महिने मागावा आणि कंपनीच्या संचालक मंडळाने हा प्रकल्प ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर करावा, अशी विनंती प्रस्तावातच करावी. नियमांनुसार असा प्रकल्प ज्या आर्थिक वर्षात सुरू होतो ते वर्ष सोडून पुढे कमाल तीन वर्षे चालू शकतो.

कालावधीचा दुसरा संबंध हंगामाशी आहे. एसीच्या धंद्यात मार्च ते मे ही धावपळ असते आणि पाऊस सुरू झाला की काम ओसरते. मार्चमध्ये कामाला लागणे सोपे असते, पण जून-जुलैमध्ये दुकानदार हंगामी मुलांना कमी करतो. ऑक्टोबरमध्ये कामाला लागणे कठीण असते, पण जो लागतो तो पुढचा उन्हाळा पाहूनच लागलेला असतो. त्यामुळे उदाहरणात पहिल्या फेरीतून २८ जण कामाला लागतील आणि एप्रिलमध्ये २३ टिकलेले असतील, तर दुसऱ्या फेरीतून ३६ लागतील आणि सप्टेंबरमध्ये २५ उरतील, असे धरले आहे. दुसऱ्या फेरीतील मुलांपैकी जास्तीत जास्त मुलांना कार्यालयांच्या वार्षिक देखभालीचे काम करणाऱ्या ठेकेदारांकडे लावणे हा त्यावरचा उपाय आहे, कारण ते काम पावसाळ्यातही चालू राहते.

कामाला लागल्याचा पुरावा काय जोडावा?

पगारपत्रक मिळाले तर उत्तमच. परंतु लहान दुकानदार पगारपत्रक देत नाही. तो यूपीआयने किंवा रोख पैसे देतो. अशा वेळी बँक पासबुकातील सलग नोंदी किंवा दुकानाच्या लेटरहेडवर नाव, रुजू झाल्याची तारीख व मासिक रक्कम लिहिलेले पत्र चालेल का, हे करार करण्यापूर्वीच कंपनीकडून लेखी ठरवून घ्यावे. जो स्वतंत्रपणे कामे घेतो, त्याच्यासाठी एका महिन्याची कामांची वही पुरेशी मानली जावी, हेही त्यातच ठरवावे.

प्रशिक्षणार्थींच्या आधार कार्डांच्या प्रती कंपनीला पाठवू नयेत. माहिती कोणासाठी घेतली जात आहे, हे प्रवेशाच्या वेळी मराठीत समजावून संमतीपत्र घ्यावे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा हे त्यामागचे एक कारण आहे, आणि ती माहिती त्या मुलांची आहे, हे दुसरे.

अंदाजपत्रक कसे मांडावे?

भांडवली खर्च आणि चालू खर्च वेगळे ठेवून, आणि प्रत्येक ओळीत ‘नग किती, दर किती, किती महिने’ हे दाखवून. उदाहरणात भांडवली खर्च ९ लाख रुपये आहे: सहा नवे स्प्लिट एसी २.४० लाख, शिकण्यासाठी जुने फ्रिज व एसी ६० हजार, दोघांत एक याप्रमाणे अवजारांचे १३ संच १.९५ लाख, व्हॅक्यूम पंप, गॅस परत काढून घेण्याचे यंत्र आणि ब्रेझिंगचे सामान १.६५ लाख, आणि वायरिंग, अर्थिंग, वायुवीजन व अग्निशामके धरून गाळ्याची तयारी २.४० लाख. आजच्या बऱ्याच एसींत आर-३२ हा वायू असतो आणि तो काही प्रमाणात ज्वलनशील आहे. त्यामुळे वायुवीजनाची ओळ काटकसरीच्या नावाखाली कापू देऊ नये.

चालू खर्च ३० लाख रुपये आहे. त्यात मुख्य प्रशिक्षक आणि सहायक प्रशिक्षक यांचे बारा महिन्यांचे मानधन ७.४४ लाख, नोकरी व पाठपुरावा पाहणाऱ्या समन्वयकाचे अठरा महिन्यांचे ५.०४ लाख आणि वस्तीत फिरून मुले गोळा करणाऱ्या कार्यकर्त्याचे आठ महिन्यांचे १.४४ लाख. भाडे व वीज मिळून ५.६४ लाख. कच्चा माल प्रत्येकी ३,००० रुपयांप्रमाणे ३ लाख. गणवेश, सुरक्षा बूट आणि अपघात विमा २.२० लाख. परीक्षा शुल्क १.३२ लाख आणि प्रत्यक्ष कामाच्या महिन्यातील प्रवासभत्ता १.३२ लाख, दोन्ही ८८ जणांसाठीच, कारण तेथपर्यंत पोहोचणारे ८८ आहेत. उरलेले २.६० लाख लेखापरीक्षण आणि संस्थेचा व्यवस्थापन खर्च. परीक्षा शुल्क १०० जणांचे आणि अभ्यासक्रम पूर्ण करणारे ८८, असे दिसले की अंदाजपत्रक एकाने आणि फलितांचा तक्ता दुसऱ्याने लिहिला, हे उघड होते.

कोणत्या ओळीवर प्रश्न येईल, ते आधी ओळखावे. कच्च्या मालाच्या ३,००० रुपयांवर तो हमखास येतो, म्हणून आम्ही त्याचे स्पष्टीकरण जोडतो. तांब्याच्या नळीचे टोक पसरवून त्याला फ्लेअर करायचे असते. नवशिका मुलगा नळी कापतो, कडेची कीस नीट काढत नाही, टोक पसरवतो आणि नट आवळतो. मग नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचे पाणी लावले की सांध्यावर बारीक बुडबुडे दिसतात. ते टोक कापून टाकायचे आणि पुन्हा करायचे. सांधा पहिल्यांदा कोरडा राहतो, तोवर दहा-बारा टोके कापून पडलेली असतात. तो सराव येथे झाला नाही, तर तो गिऱ्हाईकाच्या घरी होतो आणि महिन्याभरात गॅस निघून जातो. हा परिच्छेद जोडल्यापासून या ओळीला कोणी हात लावलेला नाही.

सर्व दर जीएसटीसह लिहावेत. करमुक्त काम करणाऱ्या संस्थेला खरेदीवर भरलेला जीएसटी सहसा परत मिळत नाही, आणि दरपत्रकावरील मूळ किंमतच अंदाजपत्रकात धरली, तर यंत्रांच्या ओळीतच मोठा खड्डा पडतो.

वीज आणि जागेबाबत काही विशेष काळजी घ्यावी का?

अवश्य घ्यावी. दीड टनाचा एक एसी साधारण दीड ते पावणेदोन किलोवॅट वीज घेतो. सहा एसी एकाच वेळी चालवले, की नऊ-दहा किलोवॅट झाले. आम्ही घेतलेल्या गाळ्याचा मंजूर भार पाच किलोवॅट होता आणि हे आम्ही करार केल्यानंतर पाहिले. वाढीव भारासाठी गाळामालकाची संमती, अर्ज आणि नवे वायरिंग यांत सात आठवडे गेले, पहिली बॅच पुढे ढकलली गेली, आणि तिमाही अहवालात प्रशिक्षकांचा पगार दिसत होता पण प्रशिक्षणार्थी दिसत नव्हते. गाळा पक्का करण्यापूर्वी वीजबिल मागून त्यावरील मंजूर भार वाचावा. अंदाजपत्रकात भारवाढीचा खर्च आणि वेळापत्रकात त्यासाठीचे आठवडे धरावेत.

एका प्रशिक्षणार्थीमागे किती खर्च, हे कसे सांगावे?

हा प्रश्न कंपनी विचारणारच, म्हणून त्याचे उत्तर आपणच आधी द्यावे आणि भाजक लपवू नये. चालू खर्च ३० लाख भागिले प्रवेश १००, म्हणजे दरडोई ३०,००० रुपये. तोच खर्च कामाला लागलेल्या ६४ जणांत विभागला तर ४६,८७५ रुपये, आणि सहा महिने टिकलेल्या ४८ जणांत विभागला तर ६२,५०० रुपये. तिन्ही आकडे एकाखाली एक लिहावेत आणि शेवटचा आकडा मुख्य मानावा.

भांडवली ९ लाख त्यात मिळवायचे का, यावर मतभेद असतात. यंत्रे पाच वर्षे चालतील असे धरले, तर एका वर्षाच्या बॅचेसच्या वाट्याला १.८० लाख येतात आणि टिकलेल्या प्रत्येक व्यक्तीमागे खर्च ६६,२५० रुपये होतो. संपूर्ण ३९ लाख एकाच वर्षावर टाकले तर तो ८१,२५० रुपये दिसेल. पहिली पद्धत आम्हाला योग्य वाटते, मात्र त्यासाठी पुढची चार वर्षे केंद्र कोणाच्या पैशावर चालणार, हे प्रस्तावात लिहिलेले असले पाहिजे. नाहीतर पाच वर्षांची विभागणी हा केवळ कागदावरचा हिशेब ठरतो.

व्यवस्थापन खर्च पाच टक्क्यांपेक्षा जास्त लिहिता येत नाही, हे खरे आहे का?

नाही. सीएसआर नियमांतील पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण प्रशासकीय खर्चाला आहे आणि ती तिच्या त्या वर्षाच्या एकूण सीएसआर खर्चावर मोजली जाते. विशिष्ट प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांचा थेट खर्च त्यात मोडत नाही. आपल्या प्रशिक्षकाचा आणि समन्वयकाचा पगार हा अंमलबजावणीचा खर्च आहे. एखाद्या कंपनीचे अंतर्गत धोरण संस्थेच्या व्यवस्थापन खर्चाला वेगळी मर्यादा घालू शकते. ती असेल तर पाळावी, परंतु कायद्याने तशी मर्यादा आहे, असे समजून आपला खरा खर्च इतर ओळींत लपवू नये. लेखापरीक्षणात तो सापडतो, आणि मग खरा खर्चही खोटा दिसतो.

यंत्रे कोणाच्या मालकीची राहतात?

कंपनीच्या मालकीची राहू शकत नाहीत. सीएसआर निधीतून घेतलेली भांडवली मालमत्ता सीएसआर नोंदणी क्रमांक असलेल्या धर्मादाय न्यास, संस्था किंवा कलम ८ खालील कंपनीच्या, लाभार्थींच्या समूहाच्या किंवा सार्वजनिक प्राधिकरणाच्या नावावर असावी लागते. यंत्रांची नोंदवही ठेवावी आणि केंद्र बंद पडल्यास ती कोणत्या संस्थेकडे जातील, हे करारात लिहावे.

प्रशिक्षित मुलांना निधी देणारी कंपनीच नोकरी देऊ शकते का?

काहींना देऊ शकते. मात्र केवळ आपल्या कर्मचाऱ्यांच्या किंवा त्यांच्या कुटुंबीयांच्या लाभासाठी चालवलेला उपक्रम सीएसआर ठरत नाही. म्हणून प्रवेश वस्तीतील सर्वांसाठी खुला आहे, हे स्पष्ट लिहावे.

प्रस्ताव कोणत्या महिन्यात द्यावा?

सीएसआर समिती आर्थिक वर्षासाठी वार्षिक कृती आराखडा तयार करते आणि संचालक मंडळ तो मंजूर करते. त्यात स्थान हवे असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत प्रस्ताव पोहोचलेला असावा.

डिसेंबरनंतर काही कंपन्यांकडे न खर्चलेली रक्कम उरते आणि ‘३१ मार्चपर्यंत खर्च दाखवू शकाल का’, असा फोन येतो. येथे सावध राहावे. संस्थेच्या खात्यात पैसे जमा करणे म्हणजे खर्च होणे नव्हे, असे मंत्रालयाच्या २०२१ च्या स्पष्टीकरणात म्हटले आहे. संस्थेने ते प्रत्यक्ष वापरले, तरच तो कंपनीचा सीएसआर खर्च मानला जातो. अशा फोनला आम्ही फक्त भांडवली खर्चासाठी होकार देतो, कारण यंत्रे सहा आठवड्यांत खरेदी होऊ शकतात, पण चार महिन्यांचे प्रशिक्षण सहा आठवड्यांत होत नाही. बाकीचा प्रकल्प चालू प्रकल्प म्हणून मंजूर झालेला असेल, तर उरलेली रक्कम कंपनी वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत ‘अखर्चित सीएसआर खात्या’त टाकते आणि तेथून आपल्याला हप्ते देत राहते.

प्रस्ताव किती पानांचा असावा?

आठ ते दहा पाने आणि जोडपत्रे. पहिल्या पानावर ठिकाण, १०० ते ४८ च्या पायऱ्या, ३९ लाखांची विभागणी आणि कालावधी एवढे आले पाहिजे. संस्थेचा इतिहास शेवटी, अर्ध्या पानात.

कंपनीने निम्मी रक्कम देऊ केली तर काय कापावे?

बॅचेस कापाव्यात, पाठपुरावा कापू नये. सर्वांत आधी कात्री समन्वयकाच्या शेवटच्या सहा महिन्यांच्या पगाराला लागते, कारण तेव्हा ‘प्रशिक्षण तर संपलेले असते’. तो पगार गेला, की मुख्य फलितही गेले.

निम्म्या रकमेत निम्मे काम होत नाही, हेही आकड्यांत दाखवावे. उदाहरणात एकच फेरी, म्हणजे ५० प्रशिक्षणार्थी घेतले, तरी ९ लाखांची यंत्रे तेवढीच लागतात. सप्टेंबर ते मार्च असे सात महिने भाडे व प्रशिक्षक, तेरा महिने समन्वयक आणि ५० जणांचा दरडोई खर्च धरून चालू खर्च साधारण १७.५० लाख होतो. एकूण २६.५० लाख. निम्मी रक्कम १९.५० लाख असेल, तर उरलेले ७ लाख दुसऱ्या दात्याकडून यंत्रांसाठी मागावेत आणि ते मिळेपर्यंत कंपनीशी करार करू नये. दोन फेऱ्यांपैकी एकच ठेवायची झाल्यास आम्ही नोव्हेंबर ते फेब्रुवारीची ठेवू. तिच्यातून सप्टेंबरमध्ये २५ जण टिकलेले असतील, असा आपला अंदाज आहे, म्हणजे टिकलेल्या प्रत्येकामागे चालू खर्च ६२,५०० ऐवजी ७०,००० रुपये. हे दोन्ही आकडे सुधारित प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर शेजारी शेजारी लिहून कंपनीकडे परत पाठवावेत.